लॅम्प खाणारा प्रोजेक्टर: पुरवठादाराला लिहिलेल्या दोन पत्रांचं प्रकरण

जानेवारी २०२५ मध्ये मी आमच्या प्रोजेक्टरच्या पुरवठादाराला पत्र पाठवलं. ते पूर्ण चार ओळींचं होतं: "आपल्याकडून खरेदी केलेले प्रोजेक्टर वारंवार बंद पडत आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांचे अतोनात शैक्षणिक नुकसान होत आहे. याबाबत अनेकदा फोन करूनही दखल घेतली गेलेली नाही. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी." त्याखाली माझी सही, एचओडी सरांची सही आणि विभागाचा शिक्का. आठवड्याभरात उत्तर आलं. पत्रोत्तर नव्हतंच ते, एका लॅम्पचं कोटेशन होतं. साडेनऊ हजार रुपये अधिक जीएसटी.

मला राग आला, पण दोन दिवसांनी ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. कोणता प्रोजेक्टर, काय होतं, कधी होतं, आम्हाला नक्की काय हवं आहे, यातलं एकही त्या पत्रात नव्हतं. "योग्य ती कार्यवाही" त्यांनी त्यांच्या सोयीने ठरवली.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागाची लॅब इनचार्ज आहे. जुलै २०२३ मध्ये आम्ही एकाच मॉडेलचे सहा प्रोजेक्टर घेतले, सगळे लॅम्पवाले. खरेदी आदेशात मशीनला तीन वर्षांची वॉरंटी आहे, पण लॅम्पला एक वर्ष किंवा १,००० तास, जे आधी संपेल ते. या दोन ओळींतल्या फरकावर पुढचं सगळं भांडण उभं राहिलं. लॅम्प जळाला की पुरवठादार म्हणतो, हा कन्झ्युमेबल आहे, मुदत संपली, पैसे भरा. हे त्याच्या जागी खरंही आहे. पण एकच मशीन एकामागून एक लॅम्प संपवत असेल तर बिघाड मशीनमध्ये असतो, आणि मशीनची वॉरंटी अजून चालू असते. हे सिद्ध करायचं तर हातात नोंदी लागतात आणि त्या माझ्याकडे अर्ध्याच होत्या.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये फक्त खरेदीची नोंद असते. दुरुस्तीच्या नोंदी लॅबच्या मामांच्या वहीत होत्या, "नं. २ लॅम्प बदलला" अशा. मामांनी तारखा मात्र न चुकता लिहिल्या होत्या आणि लॅम्प बदलायच्या आधी मेनूतला लॅम्प अवर्सचा आकडाही कोपऱ्यात टिपला होता. पहिल्या वेळी आलेल्या इंजिनिअरने सांगितलं म्हणून ते तेव्हापासून टिपत गेले. त्या कोपऱ्यातल्या आकड्यांनीच पुढे काम केलं. एक काळजी मात्र घ्यावी लागते. नवा लॅम्प घातल्यावर काउंटर शून्यावर आणला नसेल तर पुढचा आकडा दोन्ही लॅम्पची बेरीज असतो. म्हणून मी प्रत्येक आकडा वेळापत्रकाशी ताडून पाहिला. आमच्याकडे प्रोजेक्टर रोज सरासरी चार तास चालतो, सुट्ट्या धरल्या तर महिन्याला साधारण ऐंशी तास भरतात.

सहापैकी नंबर १ आणि ६ यांची एकही तक्रार नव्हती. उरलेल्या चारांची वेगवेगळी पानं केली तेव्हा दिसलं की "प्रोजेक्टर बिघडतात" हे वाक्यच चुकीचं आहे. तिथे दोन वेगळे आजार होते.

नंबर ३ आणि ४ मध्ये लॅम्प कधीच गेला नव्हता. ते पस्तीस-चाळीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचे आणि टेम्परेचरचा दिवा लाल व्हायचा. दोन्ही एकाच मोठ्या लॅबमध्ये आहेत आणि तिच्या खिडक्या बांधकामाच्या बाजूला उघडतात. शिडी लावून मामांनी फिल्टरचं झाकण काढलं. जाळीवर राखाडी लोकरीसारखा थर होता. दीड वर्षात तो कोणीच उघडला नव्हता आणि ही आमची चूक होती, कारण फिल्टर साफ करणं मॅन्युअलनुसार वापरणाऱ्याचं काम आहे. मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने दोन्ही साफ केले. त्यानंतर नंबर ४ सलग तीन तास चालला, काही झालं नाही. नंबर ३ पंचावन्न मिनिटांनी पुन्हा बंद पडला.

खोली एक, छत एक, फिल्टर दोन्ही स्वच्छ, हवा खेचण्याच्या जाळीपाशी तापमान दोन्हीकडे ३३ अंश. मग फरक कुठे? टिश्यू पेपरची एक पट्टी गरम हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर धरली. नंबर ४ समोर ती सरळ आडवी उडत होती. नंबर ३ समोर जेमतेम हलत होती. आतला एक पंखा मंद फिरत असणार, एवढा अंदाज त्यावरून बांधता आला. मशीन उघडलं नाही. लॅम्प आणि फिल्टर यांच्या पलीकडचा स्क्रू आपण फिरवला की वॉरंटी नाकारायला पुरवठादाराला आयतं कारण मिळतं.

नंबर २ आणि ५ ची गोष्ट लॅम्पची. नंबर २ चा मूळ लॅम्प ४१२ तासांत गेला, दुसरा ३३८ तासांत, तिसरा २९५ तासांत. या मॉडेलच्या लॅम्पचं आयुष्य माहितीपत्रकात ४,००० तास दिलं आहे. नंबर ५ चा मूळ लॅम्प १,०४० तास चालला, त्याच्या जागी आलेला २१० तास आणि त्यानंतरचा ९६ तास. मी या दोघांना एकाच पिशवीत घातलं: दोन्ही ठिकाणी लॅम्प लवकर जातात, म्हणजे दोन्ही ठिकाणी बॅलास्ट बिघडला आहे. बॅलास्ट म्हणजे लॅम्प पेटवणारी सर्किटची पाटी. चालू करताना ती क्षणभर काही हजार व्होल्टचा झटका देते आणि लॅम्प पेटला की त्याचा विद्युतप्रवाह आवरून धरते. ती बिघडली की लॅम्प पेटत नाही किंवा पेटला तरी लवकर मरतो. माझा तर्क चुकीचा नव्हता, पण तो दोघांना सारखाच लावणं चूक होतं. आकडे समोर असून ते मला तेव्हा दिसलं नाही.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक काम केलं. प्रत्येक फोनवर एक वाक्य ठरलेलं असायचं, "मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेज फ्लक्च्युएट होतं." म्हणून महाविद्यालयाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि प्रोजेक्टरच्या प्रत्येक सॉकेटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मल्टिमीटर लावून घेतला. फेज-न्यूट्रल २२४ ते २३८ व्होल्टच्या आत होतं. प्रोजेक्टरच्या पाटीवर १०० ते २४० लिहिलं आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच ठिकाणी दोन व्होल्टपेक्षा कमी मिळालं, पण नंबर ५ च्या सॉकेटवर १७ व्होल्ट. बोर्ड उघडला तर अर्थची वायर स्क्रूमधून निसटलेली. त्याच प्रोजेक्टरचा एचडीएमआय पोर्ट नोव्हेंबरमध्ये गेला होता आणि त्याची तक्रारही मी पुरवठादाराकडे केली होती. अर्थिंग तुटलेलं असताना लॅपटॉप जोडला की पोर्ट जाऊ शकतो. वायर त्याच दिवशी घट्ट केली. प्रश्न होता तो हे पत्रात लिहायचं की नाही. एचओडी सर म्हणाले, "कशाला आपण होऊन सांगायचं? सगळं खापर त्यावरच फोडतील." मला वाटलं, त्यांचा इंजिनिअर आला की मीटर लावणारच आणि वायर नवी घट्ट केलेली त्याला दिसणारच. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ताच आपणहून सांगितलेलं बरं. शेवटी सरांनी मान्य केलं.

दुसरं पत्र असं होतं:

दिनांक: २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील प्रोजेक्टर क्र. २, ३ व ५ यांची संयुक्त तपासणी करून सदोष भाग बदलून देणेबाबत.

संदर्भ: १) आमचा खरेदी आदेश, जुलै २०२३. २) आमचे जानेवारी २०२५ चे पत्र. ३) आपले लॅम्पचे कोटेशन.

महोदय,

वरील खरेदी आदेशान्वये आपण पुरवलेल्या सहा प्रोजेक्टरपैकी तीन प्रोजेक्टरमध्ये पुनःपुन्हा बिघाड होत आहे. तिन्ही मशीनची वॉरंटी जुलै २०२६ पर्यंत आहे. सीरियल नंबर, तक्रारीच्या तारखा व प्रत्येक वेळचे लॅम्प अवर्स सोबतच्या तक्त्यात दिले आहेत.

क्र. २ मध्ये तीन लॅम्प अनुक्रमे ४१२, ३३८ व २९५ तासांत निकामी झाले. सध्या चालू केल्यावर लॅम्प पेटत नाही व लॅम्पचा दिवा लाल होतो. क्र. ५ मध्ये मूळ लॅम्प १,०४० तास चालला, त्यानंतरचे दोन लॅम्प २१० व ९६ तासांत गेले. शेवटचा लॅम्प निकामी होण्याआधीच्या काळात, चालू केल्यापासून सुमारे वीस मिनिटांनी चित्र लुकलुकत असे. क्र. ३ फिल्टर स्वच्छ करूनही ५५ मिनिटांत टेम्परेचरचा दिवा लागून बंद पडतो. त्याच खोलीतील क्र. ४ त्याच परिस्थितीत तीन तास चालतो. क्र. ३ मधून बाहेर पडणाऱ्या हवेचा जोर क्र. ४ पेक्षा स्पष्टपणे कमी आहे.

आमच्या बाजूने पुढील बाबी तपासल्या आहेत. सर्व सॉकेटवरील व्होल्टेज २२४ ते २३८ च्या दरम्यान आहे. क्र. ३ व ४ चे फिल्टर वेळेवर साफ केले गेले नव्हते, ते आता साफ केले असून क्र. ४ ची तक्रार आम्ही मागे घेत आहोत. क्र. ५ च्या सॉकेटचे अर्थिंग सैल आढळले, ते दुरुस्त केले आहे. त्यामुळे त्याच्या एचडीएमआय पोर्टची दुरुस्ती आम्ही वॉरंटीत मागत नाही.

आपल्या कोटेशनप्रमाणे क्र. २ साठी चौथा लॅम्प विकत घेण्याआधी मशीनची तपासणी आवश्यक वाटते, कारण दोष मशीनमध्ये असल्यास नवा लॅम्पही तितक्याच तासांत जाईल. तरी आपल्या सर्व्हिस इंजिनिअरला मंगळवार दि. ४ मार्च किंवा शुक्रवार दि. ७ मार्च रोजी सकाळी १० वाजता पाठवावे. आमच्या समक्ष खालील तपासण्या व्हाव्यात ही विनंती: चालू स्थितीतील क्र. १ चा लॅम्प क्र. २ व क्र. ५ मध्ये आळीपाळीने घालून पाहणे; क्र. ३ चे सर्व पंखे तपासणे. आणि निघालेले लॅम्प मॉड्यूल सीरियल नंबरसह पाहणे.

इंजिनिअरने येताना या मॉडेलचा एक बॅलास्ट, पंख्यांचा एक संच व सीलबंद पॅकमधील दोन मूळ लॅम्प मॉड्यूल सोबत आणावेत, म्हणजे दुसरी फेरी लागणार नाही. दोष मशीनचा निघाल्यास बदललेला भाग व त्यामुळे निकामी झालेला लॅम्प वॉरंटीत मिळावा. दोष आमच्या वापराचा निघाल्यास खर्च आम्ही देऊ. तपासणीचा लेखी अहवाल त्याच दिवशी दोघांच्या सहीने व्हावा.

मे महिन्यात ओरल-प्रॅक्टिकल सुरू होत असल्याने १५ एप्रिलपूर्वी काम पूर्ण होणे आवश्यक आहे. तपासणीची तारीख शुक्रवार दि. २८ फेब्रुवारीपर्यंत कळवावी.

आपली विश्वासू,
लॅब इनचार्ज, संगणक विभाग

सोबत: तक्रारींचा तक्ता, व्होल्टेज मोजणीची नोंद, खरेदी आदेशाची प्रत.

दोन्ही तारखा मुद्दाम गुरुवार टाळून दिल्या. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची तर बहुतेकदा गुरुवारच निवडला जातो, आणि इंजिनिअर येऊन नुसता अंधार बघून परत जाणं मला नको होतं. पत्र प्राचार्यांमार्फत आवक-जावक विभागातून जावक क्रमांक टाकून पाठवलं. मामांनी ते हाताने नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ईमेलही केला, पण पुढे उपयोगी पडली ती पोच, कारण ईमेल कोणीच उघडला नव्हता.

आणखी एक गोष्ट मुद्दाम टाळली. पूर्ण पत्रात मी "बॅलास्ट खराब आहे" असं कुठेच म्हटलं नाही. मला तशी खात्री होती, तरी लिहिलं ते फक्त दिसलेलं आणि मोजलेलं. बॅलास्ट आणायला सांगितला, पण बदलायला नाही. तपासणीच्या दिवशी याचं मोल कळलं.

शुक्रवारी, ७ मार्चला इंजिनिअर आला. तरुण मुलगा होता, तक्ता नीट वाचून आलेला. आधी त्याने सॉकेटला मीटर लावला, अगदी नंबर ५ पासून सुरुवात केली, आणि समाधान झाल्यावर लॅम्पकडे वळला. नंबर १ बंद करून पंखा थांबेपर्यंत, आणि त्यानंतरही लॅम्प हाताला गार लागेपर्यंत आम्ही थांबलो. ही अर्ध्या तासाची वाट टाळू नये. गरम लॅम्पची काच तडकू शकते आणि आत पारा असतो. तो लॅम्प नंबर २ मध्ये घातला. दोनदा टक् असा आवाज आला, लॅम्प पेटला नाही, लाल दिवा. तिसऱ्यांदा करू नका म्हणून मीच सांगितलं, कारण बिघडलेला बॅलास्ट चांगला लॅम्पही खराब करू शकतो. लॅम्प परत नंबर १ मध्ये घातला, लगेच पेटला. नंबर २ चा प्रश्न तिथेच मिटला. त्याने आणलेला बॅलास्ट बसवला, नवा लॅम्प घातला, पडद्यावर चित्र आलं.

मग तोच नंबर १ चा लॅम्प नंबर ५ मध्ये. पेटला. तासभर चालू ठेवला, एकदाही लुकलुकला नाही. माझ्या तर्काप्रमाणे तो लुकलुकायला हवा होता. इंजिनिअरने नंबर ५ मधून निघालेला मेलेला लॅम्प हातात घेऊन फिरवून पाहिला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मॉड्यूलच्या पिंजऱ्यावर सीरियल नंबरचं स्टिकर नव्हतं. वायर जिथे लॅम्पला जोडली जाते तिथे हाताने घातलेला जोड होता, आणि परावर्तक पिंजऱ्यात किंचित तिरका बसला होता. म्हणजे जुन्याच पिंजऱ्यात बाहेरचा सुटा बल्ब बसवून तो नवा लॅम्प म्हणून आम्हाला दिला गेला होता. सप्टेंबरमध्ये आलेल्या लॅम्पचे तर आम्ही पूर्ण पैसे भरले होते, कारण तेव्हा १,००० तासांची मर्यादा ओलांडली होती.

तेव्हा मी तक्ता पुन्हा पाहिला. नंबर २ मध्ये कारखान्यातून आलेला मूळ लॅम्पसुद्धा ४१२ तासांत गेला होता, म्हणजे ते मशीन पहिल्या दिवसापासून लॅम्प खात होतं. नंबर ५ मध्ये मूळ लॅम्प १,०४० तास चालला आणि बदलून दिलेलेच तेवढे भराभर गेले. म्हणजे तिथे संशय बदलून दिलेल्या लॅम्पवर यायला हवा होता. हा फरक महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होता. पत्रात मी दोन्हीकडे बॅलास्टचाच दोष आहे असं ठासून लिहिलं असतं, तर नंबर ५ ची तपासणी निर्दोष निघताच पुरवठादाराला अख्खं पत्र खोटं ठरवता आलं असतं.

इंजिनिअरने अहवालात हे सगळं लिहावं का, यावर त्याने ऑफिसला फोन लावला. बराच वेळ तो बाहेर बोलत होता. परत आला आणि म्हणाला, "मॅडम, स्टिकर नाही आणि जोड हाताचा आहे, एवढंच लिहितो. कोणी केलं ते मला माहीत नाही." मी हो म्हटलं. जे दिसलं ते लिहिणं एवढंच मलाही हवं होतं. दोघांनी सह्या केल्या, मामांनी साक्षीदार म्हणून केली.

पुढच्या आठवड्यात त्यांचे व्यवस्थापक स्वतः आले. तो लॅम्प बसवणारा माणूस आता आमच्याकडे नाही, असं म्हणाले. नंबर ५ साठी सीलबंद मॉड्यूल विनामूल्य दिलं, आमच्यासमोर सील फोडलं, सीरियल नंबर मामांच्या वहीत लिहून घेतला. सप्टेंबरचे पैसे परत करायला मात्र ते तयार झाले नाहीत. नव्या मॉड्यूलला एक वर्षाची वेगळी वॉरंटी लिहून द्यायची तयारी त्यांनी दाखवली आणि आम्ही ती स्वीकारली. सरांना हे पटलं नव्हतं, मलाही पूर्णपणे नाही, पण परीक्षा तोंडावर होती. एचडीएमआय पोर्ट आमच्या खर्चाने बदलला.

नंबर ३ च्या पंख्याचं लांबलं. आणलेला संच या मॉडेलच्या जुन्या आवृत्तीचा निघाला, स्क्रूची भोकं जुळेनात. नवा संच मागवायला पाच आठवडे गेले. मध्ये एक स्मरणपत्र पाठवलं, तीन ओळींचं, पण त्यात ७ मार्चच्या अहवालाचा संदर्भ आणि १५ एप्रिल ही तारीख होती. ११ एप्रिलला पंखा बसला. टिश्यूची पट्टी आता नंबर ३ समोरही आडवी उडते.

मामांच्या वहीत आता प्रत्येक प्रोजेक्टरला एक पान आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते लॅम्प अवर्स लिहितात, आणि बांधकामाच्या बाजूच्या लॅबमधले दोन फिल्टर त्याच दिवशी साफ होतात. डिसेंबर २०२५ मध्ये नंबर २ च्या पानावरचा शेवटचा आकडा ६४० होता. त्या मशीनमध्ये याआधी एकही लॅम्प तिथवर पोहोचला नव्हता.